दीड हजाराच्या पेन्शनला जवसाचा आधार

ईपीएस-95 ची किमान पेन्शन 1,000 वरून 7,500 रुपये करा, ही मागणी पुन्हा मथळ्यांत आली आहे. ती न्याय्य आहेच. पण भालकी, हुमनाबाद, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यातल्या कारखान्या-गिरण्यांतून निवृत्त झालेल्या माणसाला निर्णय होईपर्यंतचे महिने काढायचे असतात.

त्याची पेन्शन किती, ते पाहू. 2012 साली 58 व्या वर्षी निवृत्त झालेल्या कामगाराची या योजनेतली सेवा, 1995 पासून धरली तर, साधारण 17 वर्षे होते. पगार जास्त असला तरी त्या काळी हिशेब 6,500 रुपयांवरच व्हायचा. 6,500 गुणिले 17, भागिले 70 म्हणजे महिना 1,578 रुपये, आणि 95 पूर्वीच्या नोकरीपोटी थोडी भर. सरकारी पेन्शनरासारखा महागाई भत्ता या पेन्शनीला नाही. त्यामुळे तेव्हा ठरलेला आकडा आजही तोच आहे, आणि माणूस आता सत्तरीपार गेला आहे.

या वयात काय करावे, असे विचारले की या भागात पहिले उत्तर येते ते कडक भाकरीचे. मागणी आहे हे खरे. पण भाकरी म्हणजे रोज पहाटे पीठ मळणे, थापणे, धगीपुढे तास-तास बसणे. गुडघे आणि खांदे दुखणाऱ्या नवराबायकोला हे काम मी सुचवणार नाही. त्याच भाकरीबरोबर खपणारी जवसाची कोरडी चटणी मात्र जमण्यासारखी आहे. ती रोज करावी लागत नाही, दोन किलोपेक्षा जड काही उचलावे लागत नाही, आणि तब्येत बरी नसेल त्या दिवशी काम पुढे ढकलता येते.

एका घाण्याचा हिशेब मांडू. भाव गावोगाव बदलतील, म्हणून हे आकडे नमुन्याचे समजा. दोन किलो जवस 240 रुपये, तिखट 45, जिरे-मीठ-लसूण 45, पाकिटे आणि लेबले 80, गॅस-वीज 30. एकूण 440. शंभर ग्रॅमची वीस पाकिटे होतात. दुकानदाराला 30 रुपयांनी दिली तर 600 येतात, हाती 160 राहतात. आठवड्याला दोन घाणे केले तर महिन्याला तेराशेच्या आसपास, म्हणजे जवळजवळ दुसरी पेन्शनच. तीन पाकिटे परत आली तर मात्र त्या घाण्यातले 90 रुपये गेले.

पाकिटे परत येतात ती बहुतेक खवटपणामुळे. जवसात तेल भरपूर, आणि ते हवेला लवकर बिघडते. अख्खा दाणा महिनोन्महिने टिकतो, दळलेला नाही. म्हणून जवस अख्खाच साठवावा आणि ऑर्डर आली की तेवढाच दळावा. पाव-पाव किलो घेऊन मंद आचेवर तडतड थांबेपर्यंत भाजावा. मग परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्यावा, हवे तर रात्रभर. कोमट दाणा मिक्सरला लावला की वाफ धरते, तेल सुटते, गोळे होतात. मिक्सर थांबून थांबून चालवावा. लसूण कच्चा घातला तर ओल येते. तो कोरडा भाजून, कुरकुरीत झाल्यावरच घालावा. चटणीला तैलरंगासारखा वास आला किंवा जिभेवर कडवट चव रेंगाळली, तर तो घाणा विकू नये. काचेच्या कपाटात उन्हात पाकिटे मांडणाऱ्या दुकानात उन्हाळ्यात माल ठेवू नये. मी तर लेबलावर तीनच आठवड्यांची मुदत घालीन.

घरून विकायचे म्हटले तरी एफएसएसएआयची नोंदणी लागते. लेबलावर तो क्रमांक, घटक, वजन, पॅकिंगची तारीख आणि शाकाहाराची हिरवी खूण हवी. नोंदणीच्या नावाखाली एजंटाला हजारो रुपये देऊ नयेत. लहान उत्पादकांच्या नोंदणीचे सरकारी शुल्क फारच कमी आहे.

दमा असेल त्याने मिरची घरी कुटू नये, तिखट विकत आणावे. बीपीवाल्याने प्रत्येक घाण्याची चव घेत बसू नये. मिठाचे माप एकदा वजनावर ठरवावे आणि पुढे तेच वापरावे. कलबुर्गीच्या एप्रिल-मेमध्ये भाजण्याचे काम सकाळी नऊच्या आत संपवावे, आणि उंच स्टुलावर बसून करावे.

आणि उधारी. दोनच दुकाने धरावीत, दहा-दहा पाकिटे द्यावीत, आधीच्या दहांचे पैसे हाती आल्यावरच पुढची दहा. दुकानदार महिन्याअखेरीस देतो म्हणाला, तर तिसरे दुकान शोधावे. कारण एका घाण्याच्या मालात 440 रुपये अडकतात, आणि 1,578 पेन्शन असलेल्या घराला तेवढे महिनाभर बाहेर ठेवणे झेपत नाही.