दुधात भिजूनही न मोडणारा केक

इचलकरंजीपासून नृसिंहवाडी जवळ आणि वाडीची बासुंदी सर्वांच्या ओळखीची. म्हशीचे दूध आटवून घट्ट करण्याची कला या भागाला नवी नाही. त्यामुळे ‘ट्रेस लेचेस’, म्हणजे लॅटिन अमेरिकेत लोकप्रिय असलेला ‘तीन दुधांचा’ केक, इथल्या घरांत जमायला हरकत नाही. पण घरोघरी तक्रार एकच: केक वरून छान दिसतो, कापला की खाली लगदा. दोष बहुतेक वेळा दुधावर जातो. खरे पाहता निम्मे काम स्पंजचे असते आणि उरलेले वजनकाट्याचे.

नेहमीचा लोण्याचा केक इथे चालत नाही. त्यातली चरबी पिठाच्या कणांभोवती बसते; असा केक दूध सावकाश शोषतो आणि भिजला की भुगा होतो. इथे हवा अंड्याच्या फेसावर उभा राहिलेला स्पंज. भाजताना अंड्यातली प्रथिने हवेच्या बुडबुड्यांभोवती घट्ट होतात, मैद्यातला स्टार्च फुगून त्यांना आधार देतो. राहते ती एकमेकांना जोडलेल्या छिद्रांची जाळी. दूध या छिद्रांतून दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे ओढले जाते आणि जाळी भक्कम असेल तर भरल्यावरही खचत नाही.

आठ इंची चौकोनी डब्यासाठी 4 अंडी, 120 ग्रॅम मैदा, 120 ग्रॅम साखर, 60 मिलिलिटर दूध आणि चमचाभर बेकिंग पावडर पुरते. लोणी-तेल नाही. अंड्याचे पांढरे निम्म्या साखरेसह मऊ टोके येईपर्यंत फेटायचे, पिवळे उरलेल्या साखरेसह वेगळे. मग दूध, चाळलेला मैदा आणि शेवटी फेस हलक्या हाताने मिसळायचा. डब्याच्या तळाला कागद लावावा, बाजूंना मात्र तूप लावू नये. फेस भिंतीला धरून वर चढतो. 170 अंशांवर साधारण 25 ते 30 मिनिटे लागतात. बोटाने दाबल्यावर स्पंज परत वर आला तरच भाजला असे समजावे. नंतर झाकून रात्रभर ठेवला तर उत्तम. शिळा होताना स्टार्च पुन्हा कडक होत जातो आणि एरवी नकोसा वाटणारा हा गुण इथे कामी येतो.

आता दूध किती? पेल्याने मोजू नये, स्पंजच्या वजनाने ठरवावे. त्यासाठी रिकाम्या डब्याचे वजन आधीच लिहून ठेवायचे. डबा 300 ग्रॅमचा आणि स्पंजसह 740 भरला, तर स्पंज 440 ग्रॅमचा. सुरुवातीला तेवढेच, 440 ग्रॅम दूध द्यावे. पुढे त्याने आनंदाने घेतले तर पाव हिस्सा जास्त, म्हणजे 550 पर्यंत. त्यापलीकडे लगदा सुरू होतो.

अर्धा लिटर म्हशीचे दूध आटवून 300 मिलिलिटर करावे, त्यात 120 ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क आणि 80 ग्रॅम क्रीम मिसळावे. तयार बासुंदी ओतायचा मोह होतोच. तिची साय वरची छिद्रे बुजवते, म्हणून ती गाळून, थोड्या दुधाने सैल करूनच वापरावी. मग गोडाचा हात आखडता घ्यावा. गार स्पंजला काट्याने दोन-दोन सेंटिमीटरवर तळापर्यंत टोचे मारावेत आणि कोमट दूध तीन वेळा, दहा-दहा मिनिटांच्या अंतराने द्यावे. एकदम ओतले तर छिद्रांतली हवा अडकते. दूध कडेने उतरून तळाशी साचते आणि मधला भाग कोरडा राहतो.

चूक कुठे झाली, हे कापल्यावर कळते. मध्ये पांढरी कोरडी रेघ दिसली तर दूध पोहोचलेले नाही. तळाशी चिकट, गिच्च पट्टा असेल तर स्पंज कच्चा होता. आणि रात्रभर ठेवूनही डबा तिरका केल्यावर कोपऱ्यात वाटीभर दूध जमले, तर माप जास्त झाले. बिनअंड्याच्या केकमध्ये प्रथिनांची ती जाळीच नसते. तिथे स्पंजच्या निम्म्या वजनाच्या दुधापासून सुरुवात करावी.

साखरेचा हिशेबही करून ठेवावा. स्पंजमधली 120 ग्रॅम आणि कंडेन्स्ड मिल्कमधली साधारण 55, बारा तुकड्यांत वाटली तर प्रत्येकात सुमारे 15 ग्रॅम येते, जवळपास चार चहाचे चमचे. 2000 कॅलरी घेणाऱ्या प्रौढासाठी जागतिक आरोग्य संघटनेची वरची मर्यादा दिवसाला सुमारे 50 ग्रॅम आहे, त्यात चहाची साखरही आली.

दूध, अंडी आणि ओलावा एकत्र म्हणजे जिवाणूंना मेजवानीच. दूध ओतून झाले की केक लगेच फ्रिजमध्ये, 5 अंशांखाली ठेवावा. वाढायला काढल्यावर दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू देऊ नये, मे महिन्यातल्या उकाड्यात तर एक तासच. तिसऱ्या दिवसापर्यंत तो संपवावा.