अठ्ठ्याहत्तरचे बारा

सोलापुरी टॉवेलचा जोड ऑनलाइन विकणारा एखादा विक्रेता साधारण असा हिशेब मांडतो. किंमत ५२५ रुपये. त्यातले २५ रुपये जीएसटीचे, म्हणजे सरकारचे, आपले ५००. माल २६०, कमिशन आणि ठरावीक शुल्क मिळून ८०, कुरिअर ७०, पिशवी-टेप-लेबल १२. उरले ७८. (आकडे नमुन्याचे आहेत, दर प्लॅटफॉर्मनुसार बदलतात.) कमिशन आणि कुरिअरवर १८ टक्के जीएसटी लागतो, पण नेहमीच्या पद्धतीने नोंदणी असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणून तो इथे धरलेला नाही.

हे ७८ रुपये खरे आहेत, पण ग्राहकाने ठेवून घेतलेल्या ऑर्डरचेच.

समजा, शंभर पार्सलं गेली. बारा ग्राहकापर्यंत पोचलीच नाहीत. कुणी फोन उचलला नाही, कुणी दारातून परत पाठवलं. यांचं भाडं बरेच प्लॅटफॉर्म लावत नाहीत, तेव्हा बुडाली ती फक्त पिशवी : १४४ रुपये. अठरा जणांनी मात्र माल घेऊन, उघडून परत केला. इथे कमिशन परत मिळालं, पण जातानाचे ७०, येतानाचे ९० आणि पिशवीचे १२ गेले. एका परतीला १७२ रुपये, म्हणजे दोन चांगल्या विक्रींचा नफा खाऊन वर सोळा. अठरांचे झाले ३,०९६. त्यातले चार जोड डाग पडून आले, ते १,०४० वेगळेच. सत्तर ऑर्डरींनी कमावलेल्या ५,४६० मधून हे सगळं वजा केलं की राहतात १,१८०. पाठवलेल्या प्रत्येक पार्सलमागे बारा रुपयेसुद्धा नाहीत.

मग हे महिनाअखेरच्या सेटलमेंट रिपोर्टमध्ये दिसत का नाही? कारण तो रिपोर्ट पैसे कधी वळते झाले त्यावर चालतो, ऑर्डर कधी आली त्यावर नाही. २५ मार्चच्या ऑर्डरचे पैसे एप्रिलच्या सुरुवातीला जमा होतात आणि तिच्या परतीची वजावट त्याच महिन्याच्या मध्यावर येते. विक्री वाढती असेल तर मागच्या परती नव्या जमेखाली झाकल्या जातात. दिवाळीत खातं फुगतं, आणि डिसेंबरात विक्री मंदावली की कपातीच कपाती दिसू लागतात.

यावर उपाय कंटाळवाणा, पण सोपा आहे. दोन-तीन महिन्यांचे रिपोर्ट एकाच एक्सेल शीटमध्ये आणा, ऑर्डर आयडीवर पिव्होट टेबल लावा आणि प्रत्येक आयडीची निव्वळ बेरीज काढा. मार्चच्या ऑर्डरींचा निकाल मेअखेरीस लावा. टीसीएस (०.५ टक्के) आणि टीडीएस (०.१ टक्के) या ओळी खर्चात धरू नका, ते पैसे जीएसटी आणि प्राप्तिकराच्या खात्यात आपल्याच नावावर जमा असतात. जाहिरातीचा खर्च मात्र बहुधा ऑर्डर आयडीशिवाय येतो. तो पिव्होटमधून निसटतो आणि वरच्या बारा रुपयांतूनच जायचा असतो.