तळायला एक, फोडणीला दुसरे : तेलाचा धूर काय सांगतो

कोपरच्या आपल्या बस्तीत रविवारी भजी, वडे, तळलेले बोंबील बहुतेक घरांत होतात. दहा बाय दहाची खोली, एकच खिडकी. कढईतून निळसर धूर निघतो, डोळे चुरचुरतात, लहान मूल खोकते. आपण म्हणतो, "तेल चांगलं तापलं!" खरे तर तेल जळू लागलेले असते.

प्रत्येक तेल एका ठरावीक उष्णतेला धूर सोडते. त्याला धूरबिंदू म्हणतात. त्यापुढे तेल तुटते आणि डोळ्यांना, घशाला झोंबणारे पदार्थ धुरात मिसळतात. तळणीला साधारण 170 ते 190 अंश उष्णता लागते. रिफाइंड शेंगदाणा, सोयाबीन किंवा सूर्यफूल तेल साधारण 225 अंशांपर्यंत टिकते, म्हणून तळायला ते सोयीचे. घाण्याचे शेंगदाणा तेल 160 अंशांच्या आसपासच धूर सोडू लागते. त्याचा वास आणि चव मंद आचेच्या फोडणीत टिकते. फोडणीत मोहरी तडतडली की लगेच कांदा टाका, धुराची वाट पाहू नका.

कोशिंबिरीवर, ठेच्यावर किंवा जवसाच्या चटणीवर कच्चे तेल घ्यायचे असेल, तर घाण्याचे शेंगदाणा किंवा करडई तेल घ्या. तिथे आच नसते, त्यामुळे धूरबिंदूचा प्रश्नच नाही. जवसाचे तेल मात्र कधीच तापवू नका.

आता वड्यांचा हिशेब. एक लिटरच्या पिशवीतले पाव लिटर तेल लहान, खोल कढईत घ्या. पिठाचा थेंब टाका. तो बुडबुडे काढत दोन-तीन सेकंदांत वर आला, तर तेल तयार. टाकताच काळा पडला, तर गॅस कमी करा. तळून झाल्यावर तेल थंड करून बारीक कापडाने गाळा, कारण तळाशी राहिलेला चुरा पुढच्या वेळी आधी जळतो. झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा आणि दोन दिवसांत भाजीच्या फोडणीत संपवा. त्यात पुन्हा तळू नका, नवे तेलही मिसळू नका. एकदा तापलेल्या तेलाचा धूरबिंदू खाली येतो. नव्या तेलात जुने मिसळले की नवेही लवकर खराब होते.

तेल काळपट, चिकट झाले, फेस धरू लागले किंवा पदार्थ घालण्याआधीच धुरले, तर ते टाकून द्या. मोरीत ओतू नका, नळी तुंबते. जुन्या कागदात टिपून कचऱ्यात टाका.

गाड्यावरच्या वड्यालाही हाच नियम. 1 जुलै 2018 पासून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तळणीच्या तेलातील खराब घटकांना 25 टक्क्यांची मर्यादा घातली आहे. तो आकडा यंत्राने मोजतात. आपल्याजवळ डोळे आणि नाक आहे.

रिफाइंड म्हणजे हृदयाला चांगले, असा मात्र अर्थ नाही. ते आच सोसते, एवढेच. तळलेला पदार्थ कुठल्याही तेलातला असो, आठवड्यातून एखाद्या वेळीच बरा.