विषयाच्या ओळीत आधी गाव की आधी मागणी?

तानसा, मोडकसागर आणि भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणं शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातले पाडे एप्रिल उजाडला की टँकरची वाट बघतात. मुरबाडच्या डोंगराकडच्या वाड्यांचीही तीच कथा. टँकर सुरू व्हायचा तर ग्रामपंचायतीने पंचायत समितीकडे प्रस्ताव द्यायचा, तहसीलदार आणि गटविकास अधिकारी यांच्या यंत्रणेने संयुक्त पाहणी करायची आणि मग मंजुरी, असा रस्ता आहे. सही-शिक्क्याचं पत्र आजही लागतंच. पण ते टपालाने पोचायच्या आधी स्कॅन करून ईमेलने पाठवलं जातं, आणि पलीकडचा माणूस ते आधी फोनवर बघतो. फोनवर त्याला दिसतं पाठवणाऱ्याचं नाव आणि विषयाचे पहिले पाच-सहा शब्द. मेल आत्ता उघडायचा की जेवणानंतर, हे तेवढ्यावरच ठरतं.

गैरसमज: पत्रातला ‘विषय’ जसाच्या तसा ईमेलच्या विषयात टाकला की झालं.

एक नमुना घेऊ. पाड्याचं नाव आणि आकडे कल्पित आहेत, वळण मात्र ओळखीचं आहे:

“मौजे वरचा पाडा, ग्रुप ग्रामपंचायत अमुक, ता. शहापूर, जि. ठाणे येथील पाणीटंचाई निवारणार्थ टँकरद्वारे पाणीपुरवठा सुरू होणेबाबत.”

कागदावर यात काहीच चूक नाही. तिथे पूर्ण ओळ एका नजरेत दिसते आणि फाइल लावणाऱ्याला गाव आधी लागतं. फोनवर मात्र “मौजे वरचा पाडा, ग्रुप ग्रामपंचायत” एवढंच दिसतं आणि पुढे तीन टिंबं. सरकारी पत्राच्या वळणात मागणी नेहमी शेवटी येते, म्हणजे नेमकी जी कापली जाते ती बाजू. शिवाय शहापूरच्याच कार्यालयाला “ता. शहापूर, जि. ठाणे” सांगायची गरज काय? त्यांच्या ईमेलच्या पेटीतल्या बहुतेक पत्रांचा तालुका तोच असणार.

ओळ बदलताना पहिला प्रश्न विचारायचा तो आपल्याला काय हवंय हा नव्हे. ज्याच्याकडे मेल चाललाय, त्याने यानंतर लगेच काय करायचं आहे? आपल्याला हवा असतो टँकर. पण गटविकास अधिकाऱ्याच्या टेबलावर त्या क्षणी करता येण्यासारखं काम असतं पाहणीची तारीख लावण्याचं. म्हणून तेच सुरुवातीला:

“पाहणी 20 एप्रिलपर्यंत हवी: वरचा पाडा, विहीर आटली”

आठ शब्द. पहिल्या चारांत काम आणि मुदत, मग ठिकाण, मग कारण. शेवटचे दोन शब्द कापले गेले तरी मेल उघडणाऱ्याला काय करायचं ते कळलेलं असतं. उलट “पाणीटंचाई” एवढंच लिहिणंही उपयोगाचं नाही. एप्रिलमध्ये त्या पेटीत तसे ढीगभर मेल असतात, आणि मे महिन्यात हाच मेल शोधायला निघालेल्या लिपिकाला पाड्याचं नावच हवं असतं.

ग्रामपंचायतीचं नाव गेलं कुठे? ते पाठवणाऱ्याच्या नावात जातं. पुष्कळ ग्रामपंचायतींच्या खात्यांवर तिथे जुन्या संगणक चालकाचं किंवा कुणाचं तरी घरगुती नाव असतं. खात्याच्या सेटिंगमध्ये ते बदलून ग्रामपंचायतीचं नाव घातलं की विषयातली दोन-तीन शब्दांची जागा मोकळी होते. पूर्ण सरकारी विषय, जावक क्रमांक, दिनांक हे सगळं जोडलेल्या पत्रात राहू द्यावं. मेलच्या मजकुरात पहिल्याच वाक्यात हिशेब द्यावा: लोकसंख्या 210, टँकरच्या पाण्याच्या माणशी रोज 20 लिटर या निकषाने दिवसाला 4,200 लिटर. हा आकडा विषयात कोंबायचा मोह आवरावा.

गैरसमज: ‘अतितातडीचे’ लिहिलं की तातडी कळते.

एका मेलवर असेल तर कळेल. टंचाईच्या दिवसांत दहांतल्या आठांवर तो शब्द असतो, आणि मग डोळा त्याला ओलांडून पुढे जायला शिकतो. उद्गारचिन्हांची रांग तर पेटीतल्या जाहिरातींची आठवण करून देते. काही ईमेल प्रोग्रॅममध्ये ‘महत्त्वाचा’ असा झेंडा लावायची सोय असते, तीही भरवशाची नाही. आउटलूकमध्ये तिचं लाल उद्गारचिन्ह दिसतं, पण जीमेल आपली पिवळी खूण स्वतःच्या अंदाजाने लावतं.

तातडी तारखेतून कळते. मात्र ती तारीख खरी हवी. 20 एप्रिल का, तर सध्या ज्या खालच्या पाड्याच्या विहिरीवर भागवतोय तिच्यात तेवढ्याच दिवसांचं पाणी उरलंय, हे कारण मजकुरात असलं पाहिजे. दरवेळी “उद्यापर्यंत” लिहिणाऱ्या ग्रामपंचायतीची तारीख कार्यालय चार मेलांत ओळखतं. आणि विषय कितीही नेटका असला तरी पाहणीचा टप्पा त्याने टळत नाही. फार तर मेल उघडण्यात वाया जाणारा वेळ वाचतो.

गैरसमज: मराठीत विषय लिहिला तर चौकोन येतात, इंग्रजीच बरं.

देवनागरीसारख्या लिपी विषयाच्या ओळीतून पाठवायचा नियम 1996 सालापासून ठरलेला आहे. युनिकोडमध्ये टाइप केलेली मराठी आजच्या कुठल्याही फोनवर नीट दिसते. घोळ होतो तो जुन्या फॉन्टमुळे. शिवाजी किंवा कृतिदेव अशा फॉन्टमध्ये अक्षरं आतून रोमनच असतात, फॉन्ट फक्त त्यांना मराठीचा वेश चढवतो. वर्डमधल्या कागदावर तो वेश टिकतो. विषयाच्या ओळीला फॉन्ट नसतोच, त्यामुळे तिथे चिकटवलं की रोमन अक्षरांची भेळ होते. ओळखायची खूण सोपी: चिकटवल्याबरोबर आपल्याच पडद्यावर कचरा दिसला तर मजकूर जुन्या फॉन्टातला आहे. मग विषय तेवढा युनिकोड कळफलकावर हाताने टाइप करावा. फोनवरचा मराठी कळफलक चालतो.

गैरसमज: जुन्याच मेलवर उत्तर दिलं की संदर्भ आपोआप राहतो.

संदर्भ राहतो, नवी गोष्ट मात्र दडते. पाहणी झाली, टँकर मंजूर झाला, आठवडाभर आला आणि मग दोन दिवस आलाच नाही, असं समजा. आता जुन्या साखळीत “Re: पाहणी 20 एप्रिलपर्यंत हवी” या नावाखाली तक्रार गेली, तर वाचणाऱ्याला वाटतं, पाहणी तर झाली, हे प्रकरण मिटलं. पुढे पाठवताना “Fwd:” आणि “Re:” यांची माळ लागली तर दिसणाऱ्या जागेतले पहिले शब्दही तीच खाते. काम बदललं की विषय बदलायचा:

“टँकर 2 दिवस बंद, आज खेप हवी: वरचा पाडा”

जीमेलमध्ये उत्तर देतानाही विषय बदलता येतो, आणि तो बदलला की मेल नव्या साखळीत वर दिसतो. मंजुरीच्या पत्राचा क्रमांक आणि तारीख मजकुराच्या पहिल्या ओळीत द्यावी, पत्राची प्रत पुन्हा जोडावी. जुनी साखळी उघडून खाली-खाली सरकत मंजुरी शोधायचं काम पलीकडच्या माणसावर टाकू नये. एकाच मेलमध्ये टँकरची तक्रार आणि अंगणवाडीच्या छपराची मागणीही घालू नये. त्या दोन गोष्टी दोन टेबलांवर जातात, आणि विषयात ज्याचं नाव नाही त्या टेबलाला मेल आला हे कळतच नाही.