रीलचं कव्हर नेमकं कुठे कापलं जातं

इन्स्टाग्रामवर एखाद्या स्वयंपाक करणाऱ्या बाईंचं किंवा गड-किल्ल्यांवर फिरणाऱ्या तरुणाचं प्रोफाइल उघडा. एका ओळीत तीन अशा उभट चौकटी दिसतात. काहींत मथळ्याची वरची ओळ गायब असते, काहींत कपाळ कापलेलं असतं, तर एखाद्या चौकटीत नुसता काळोख असतो. व्हिडिओ उघडला तर तो उत्तम निघतो, पण उघडणार कोण? प्रोफाइलवर आलेला माणूस चौकटी पाहून ठरवतो, आणि त्या चौकटीत व्हिडिओतला एकच स्थिर क्षण असतो. तो क्षण कसा निवडला जातो आणि ॲप त्याचा किती भाग कापतं, हे समजलं की निम्म्या चुका टळतात.

आधी कापण्याचं गणित पाहू, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. रील हा ९:१६ प्रमाणातला उभा व्हिडिओ असतो. नेहमीच्या मापात सांगायचं तर रुंदी १०८० पिक्सेल आणि उंची १९२०. त्याचं कव्हरही याच मापाचं. प्रोफाइलवरची चौकट मात्र ३:४ प्रमाणाची, म्हणजे तितक्याच रुंदीला उंची १४४० पिक्सेल. लांब चित्र आखूड चौकटीत बसवायचे दोनच मार्ग असतात. एक तर चित्र लहान करून बाजूंना रिकाम्या पट्ट्या सोडायच्या, नाहीतर चौकट पूर्ण भरायची आणि जास्तीचं कापून टाकायचं. इन्स्टाग्राम दुसरा मार्ग घेतं आणि आपण काही सांगितलं नाही तर बरोबर मधला भाग ठेवतं. १९२० मधून १४४० वजा केले की ४८० उरतात. त्यातले २४० वरून जातात आणि २४० खालून. पिक्सेल मोजायची गरज नाही. उभ्या चित्राचे आठ समान आडवे पट्टे पाडा. त्यातला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा पट्टा प्रोफाइलवर दिसणार नाही. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

ही चौकट पहिल्यापासून अशी नव्हती. २०१० साली इन्स्टाग्राम सुरू झालं तेव्हा तिथे फक्त चौरस फोटो टाकता येत. २०१५ मध्ये उभे-आडवे फोटो चालू लागले, पण प्रोफाइलवरच्या चौकटी चौरसच राहिल्या. जानेवारी २०२५ मध्ये इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी त्या उभट होत असल्याचं जाहीर केलं. लोक टाकतात ते बहुतेक फोटो-व्हिडिओ उभेच असतात, हे त्यामागचं कारण. कारण रास्त होतं, तरी ज्यांनी वर्षानुवर्षं चौरस गृहीत धरून प्रोफाइल सजवलं होतं त्यांची घडी विस्कटली. नऊ चौरसांत तुकडे करून एकच मोठं चित्र मांडणाऱ्यांचं तर फारच नुकसान झालं, कारण चौरस फोटो उभट चौकटीत भरताना दोन्ही बाजूंच्या कडा जातात. १०८० रुंदीच्या चौरसातले फक्त मधले ८१० पिक्सेल उरतात आणि शेजारच्या तुकड्यांचे सांधे जुळेनासे होतात.

रीलच्या जुन्या कव्हरांचं मात्र फारसं बिघडलं नाही. चौरसाच्या काळात वरून-खालून ४२० पिक्सेल जात असत. तेव्हा ज्यांनी मथळा आणि चेहरा मधल्या चौरसात ठेवला होता, त्यांना नव्या चौकटीत उलट थोडी जास्तच जागा मिळाली. म्हणून माझं मत असं, की आजही महत्त्वाचं सगळं मधल्या चौरसातच ठेवावं. चौकटीचं माप एकदा बदललं, तसं पुन्हाही बदलू शकतं, पण उभ्या चित्राचा मधला चौरस प्रत्येक मापात टिकतो.

आता चित्र निवडण्याकडे येऊ. रील टाकताना शेवटच्या पडद्यावर तिचं छोटं चित्र दिसतं आणि त्यावर Edit cover असं लिहिलेलं असतं. तिथे बोट ठेवलं की खाली व्हिडिओतल्या चित्रांची एक पट्टी येते. बोट सरकवत हवा तो क्षण पकडायचा, किंवा Add from camera roll मधून आधी तयार केलेलं वेगळं चित्र लावायचं. तिथेच प्रोफाइलवर कोणता भाग दिसावा हेही चित्र हलवून ठरवता येतं. बरेच जण या पायरीवर थांबतच नाहीत. मग व्हिडिओच्या सुरुवातीचंच एखादं चित्र कव्हर म्हणून जातं, आणि ज्यांनी सुरुवातीला अंधारातून उजेडात येण्याचा परिणाम दिलेला असतो त्यांच्या वाट्याला ती काळी चौकट येते.

पट्टीतून क्षण पकडणं दिसतं तितकं सोपं नाही. एका सेकंदात तीस चित्रं धरली तर मिनिटभराच्या व्हिडिओत १८०० चित्रं होतात, आणि पट्टीची लांबी असते फोनच्या रुंदीएवढी. बोट केसभर सरकलं तरी अनेक चित्रं ओलांडली जातात, त्यामुळे नेमकं डोळे उघडे असलेलं, ओठ मिटलेलं चित्र हाती लागत नाही. दुसरी अडचण अस्पष्टपणाची. घरात, ट्यूबलाइटच्या उजेडात फोन प्रत्येक चित्रासाठी कॅमेरा जास्त वेळ उघडा ठेवतो. तेवढ्यात हात हलला की तो पुसट होतो. व्हिडिओ चालू असताना डोळ्याला हे खटकत नाही; तेच चित्र थांबवलं की लगेच दिसतं. यावर खरा उपाय चित्रीकरणाच्या वेळीच करायचा असतो. कव्हरसाठी जो क्षण हवा आहे तिथे हात थांबवून एक-दोन सेकंद स्तब्ध राहायचं. पट्टीवर तेवढा भाग सहज सापडतो आणि चित्रही स्वच्छ मिळतं. त्याहून चांगलं म्हणजे त्याच जागी, त्याच उजेडात एक उभा फोटो काढून ठेवायचा. फोटोचा तपशील व्हिडिओतून उचललेल्या चित्रापेक्षा कितीतरी जास्त असतो.

एक उदाहरण शेवटपर्यंत करून पाहू. समजा, तांदळाच्या भाकरीची रील आहे. ओट्यावर तवा, भाकरी थापणारे हात, शेवटी विस्तवावर टम्म फुगलेली भाकरी. कव्हरसाठी फुगलेल्या भाकरीचं चित्र घेतलं, हे बरोबर झालं. चित्रात वरच्या बाजूला रिकामी भिंत आहे, म्हणून मथळा तिथे लिहिला. पहिली ओळ ‘तांदळाची भाकरी’, वरून १५० ते २४० पिक्सेलच्या दरम्यान. तिच्याखाली दुसरी ओळ, ‘न चिरता’. अगदी खाली, १७२० च्या आसपास, आपल्या पानाचं नाव. फोनवर पूर्ण चित्र सुंदर दिसतं. रील टाकल्यावर प्रोफाइलवर मात्र ‘न चिरता’ एवढंच उरतं. पहिली ओळ वरच्या पट्ट्यासोबत गेली, पानाचं नाव खालच्या पट्ट्यासोबत. आणि ओळ कापाच्या थोडी वर-खाली असती तर आणखी वाईट झालं असतं. देवनागरीत शिरोरेघेच्या वर मात्रा, वेलांट्या, रफार आणि अनुस्वार असतात. काप नेमका तिथून गेला की अक्षरं शाबूत दिसतात, पण वाचणारा अडखळतो.

दुसरी चूक अक्षरांच्या आकाराची आहे. प्रोफाइलवर एका ओळीत तीन चौकटी असल्यामुळे कव्हर एक तृतीयांश रुंदीचं होतं. साधारण साडेसहा सेंटिमीटर रुंदीच्या फोनवर एक चौकट जेमतेम दोन सेंटिमीटरच्या आसपास भरते. कव्हरवर साठ पिक्सेल उंचीचं अक्षर तिथे सव्वा मिलिमीटरचं होतं. एवढ्या आकारात जोडाक्षरं भरून जातात आणि उकार तर दिसतच नाही. तेच अक्षर १३० पिक्सेलचं केलं तर अडीच मिलिमीटरच्या वर जातं आणि वाचता येतं. अर्थात मोठ्या अक्षरांना जागा लागते, म्हणून शब्द कमी करावे लागतात. मराठीत दोन ओळींमधलं अंतरही इंग्रजीपेक्षा सैल लागतं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो.

तेव्हा भाकरीचं कव्हर पुन्हा बांधू. मधला चौरस वरून ४२० पासून १५०० पर्यंत येतो. मथळा ४६० ते ७२० च्या दरम्यान, दोन ओळींत, जाड अक्षरांत: ‘भाकरी चिरत नाही’. फुगलेली भाकरी ७८० ते १३०० च्या पट्ट्यात. वर भिंत, खाली ओट्याचा दगड. ते कापलं गेलं तरी बिघडत नाही. मथळ्यामागे भिंत फार उजळ असेल तर तेवढा भाग गडद करायचा. उजवा वरचा कोपरा मोकळा ठेवायचा, कारण तिथे रीलचं चिन्ह येतं, आणि डाव्या खालच्या कोपऱ्यात व्ह्यूजचा आकडा येतो तिथेही काही लिहायचं नाही. पानाचं नाव कव्हरवर टाकायची गरजच नाही. प्रोफाइलच्या माथ्यावर ते असतंच. यात आणखी एक सोय झाली. प्रोफाइलमधल्या फक्त रील्सच्या टॅबवर चौकटी आणखी उंच दिसतात. तिथे भिंत आणि ओटा जास्त दिसतील, पण मथळा आणि भाकरी जागच्या जागी राहतील.

आडव्या व्हिडिओचं दुखणं वेगळं आहे. १९२० बाय १०८० चं चित्र उभट चौकटीत भरलं तर मधले ८१० पिक्सेलच उरतात, म्हणजे निम्म्याहून कमी. मुलाखतीत पाहुणे डावीकडे आणि प्रश्न विचारणारे उजवीकडे बसले असतील तर दोघंही कापले जातात आणि चौकटीत मधलं टेबल आणि पाण्याची बाटली दिसते. तिथे दोघांचं चित्र घेण्याचा हट्ट सोडून पाहुण्यांचा एकट्यांचा जवळून घेतलेला क्षण निवडावा. यूट्यूबच्या लांब व्हिडिओंना हा त्रास नाही, कारण तिथलं थंबनेल व्हिडिओसारखंच आडवं, १२८० बाय ७२० चं असतं आणि वेगळं तयार करून लावता येतं. तिथे फक्त उजवा खालचा कोपरा सांभाळायचा, कारण व्हिडिओची लांबी तिथे छापली जाते. पण यूट्यूबसाठी केलेलं थंबनेल जसंच्या तसं रीलवर लावणं चुकीचं. त्याचा मथळा दोन्ही बाजूंनी तुटतोच.

कव्हरवर व्हिडिओत नसलेली गोष्ट दाखवण्याचा मोह अनेकांना होतो. वेगळं चित्र लावायची सोय असल्याने ते सहज करता येतं. मला ते पटत नाही. भाकरी फुगलेली दाखवली असेल तर रीलमध्ये ती फुगायलाच हवी, नाहीतर आलेला माणूस पहिल्या काही सेकंदांत निघून जातो आणि पुढच्या चौकटीवरही विश्वास ठेवत नाही.

रील टाकून झाली असली तरी कव्हर बदलता येतं. रील उघडून तीन टिंबांवरून संपादनात गेलं की तिथे पुन्हा कव्हर निवडता येतं. फक्त काप सरकवायचा असेल तर त्याच टिंबांखाली Adjust preview मिळतं. त्यामुळे लाइक्स आणि प्रतिक्रिया जात नाहीत. आपलं प्रोफाइल एकदा दुसऱ्या कुणाच्या फोनवर उघडून हातभर अंतरावरून पाहा. जी चौकट वाचता येत नाही, तिच्यापासून दुरुस्तीला सुरुवात करा.