उणे क्षेत्रफळाचं कोडं

एक वर्तुळ आहे, r = 3cosθ. त्याची त्रिज्या दीड आणि ते आरंभबिंदूला स्पर्श करत उजव्या बाजूला बसलेलं. दुसरा वक्र r = 1 + cosθ. याला कार्डिऑइड म्हणतात, कारण त्याचा आकार हृदयासारखा दिसतो. एका दिशेचाच आवाज नीट टिपणाऱ्या मायक्रोफोनची संवेदनक्षमता कागदावर काढली की हाच आकार उमटतो. प्रश्न असा, की कार्डिऑइडच्या आत पण वर्तुळाच्या बाहेर किती जागा उरते?

ध्रुवीय पद्धतीत बिंदू सांगायचा तो θ हा कोन आणि आरंभबिंदूपासूनचं अंतर r यांनी. त्यामुळे क्षेत्रफळही उभ्या पट्ट्यांनी मोजत नाहीत. आरंभबिंदूपासून निघणाऱ्या अगदी अरुंद वर्तुळपाकळ्या पाडतात आणि प्रत्येकीचं क्षेत्रफळ ½r²dθ धरून बेरीज करतात. दोन वक्रांमधली जागा हवी असेल, तर बाहेरच्या पाकळीतून आतली वजा करायची.

त्याआधी वक्र कुठे छेदतात ते पाहू. 3cosθ = 1 + cosθ, म्हणजे cosθ = ½, म्हणून θ = 60° आणि −60°. दोन्ही ठिकाणी r दीड येतो. उलटा प्रश्न, म्हणजे वर्तुळाच्या आत पण कार्डिऑइडच्या बाहेर किती, हा असता तर −60° ते 60° बेरीज करून बरोबर π उत्तर मिळालं असतं. तिथं काही अडत नाही, आणि त्यामुळेच माणूस निर्धास्त होतो. आता आपल्या प्रश्नासाठी उरलेला भाग, 60° ते 300°, घेऊन कार्डिऑइडच्या पाकळ्यांतून वर्तुळाच्या पाकळ्या वजा करा. उत्तर येतं −2π.

क्षेत्रफळ उणे येणं शक्य नाही. पण संकलन पुन्हा तपासलं तरी त्यात चूक सापडत नाही. गोम आरंभबिंदूपाशी आहे.

वर्तुळ 90° ला आरंभबिंदूत पोचतं, कारण तिथं cosθ शून्य होतो. पुढे cosθ उणे, म्हणून r उणे. 120° घ्या: r = −1.5. म्हणजे तोंड 120° कडे आणि चालायचं मात्र दीड पाऊल मागे. जाऊन पोचतो कुठे? 300° च्या दिशेला, अर्थात −60° वरच्या त्याच जुन्या छेदनबिंदूवर! 90° ते 270° या अर्ध्या फेरीत हे सगळं वर्तुळ उजव्या बाजूला पुन्हा एकदा गिरवलं जातं. डाव्या बाजूला वर्तुळ नाहीच, पण सूत्रात r चा वर्ग असल्यामुळे उणे चिन्ह पुसलं जातं आणि नसलेल्या पाकळ्याही वजा होत राहतात.

दुसरीकडे कार्डिऑइड आरंभबिंदूला येतो तो 180° ला. म्हणजे दोन्ही वक्र तिथं भेटतात, पण वेगवेगळ्या कोनांना. समीकरण एकाच θ ला दोन्ही r सारखे आहेत का एवढंच विचारतं, म्हणून हा छेदनबिंदू त्यातून निघत नाही. तो वेगळा शोधावा लागतो: प्रत्येक वक्राचा r कधी शून्य होतो ते स्वतंत्रपणे पाहायचं. पुस्तकातल्या देखण्या आकृत्या इथं दगा देतात, असं माझं मत. त्यात वक्र दिसतो. तो कोणत्या कोनाला कुठे होता हे दिसत नाही.

आता आकृती आडव्या अक्षाभोवती सममित आहे म्हणून वरचा अर्धा भाग घेऊ आणि शेवटी दुप्पट करू. 60° ते 90° मध्ये वर्तुळ खरोखर आड येतं, तिथं वजाबाकी करायची. 90° ते 180° मध्ये नुसता कार्डिऑइड. दुप्पट केल्यावर पहिल्या तुकड्यातून 2 − π/2 मिळतात, दुसऱ्यातून 3π/4 − 2. बेरीज π/4, साधारण 0.79. मघाचं −2π आणि हे π/4 यांतला फरक 9π/4, आणि दीड त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळही नेमकं तेवढंच. एक अख्खं वर्तुळ जास्तीचं वजा झालं होतं.

इथं उणे चिन्हानं चूक चव्हाट्यावर आणली. दर वेळी तसं होत नाही. नुसतं हेच वर्तुळ 0° ते 360° मोजलं, तर 9π/2 असं सभ्य, धन, पण दुप्पट उत्तर येतं. म्हणून दुसऱ्या वाटेनं ताळा करावा. वर्तुळ 9π/4, त्यातला कार्डिऑइडबाहेरचा भाग π, म्हणजे दोघांत सामायिक 5π/4. त्यात आपले π/4 मिळवले की 3π/2 होतात, आणि अख्ख्या कार्डिऑइडचं क्षेत्रफळ 0° ते 360° थेट काढलं तरी तेवढंच येतं. त्याचा r कधीच उणे होत नसल्यामुळे तिथं पूर्ण फेरी घ्यायला हरकत नाही.