हॉटेलचा हिशेब, भाग ६ : मटण थाळी, मिसळ आणि चहा यांचा एकच ना-नफा-ना-तोटा

एकच पदार्थ विकणाऱ्या दुकानाचा ना-नफा-ना-तोटा बिंदू एका भागाकारात मिळतो. महिन्याचा स्थिर खर्च घ्यायचा आणि एका प्लेटमागे बदलता खर्च जाऊन जे उरते त्याने भागायचे. या उरलेल्या रकमेला अंशदान म्हणतात. जागेचे भाडे आणि पगार याच पैशातून भागतात. मागील भागात फक्त मिसळ विकणाऱ्या दुकानाचा हिशेब असा झाला होता. पण त्याच दुकानात मटण थाळी आणि चहा आला की भागाकार अडतो, कारण ‘एक प्लेट’ म्हणजे नक्की कोणती, हे ठरत नाही.

पन्हाळा तालुक्यातील कोडोलीसारख्या गावात हा प्रश्न ठळकपणे समोर येतो. शेजारच्या वारणानगरला साखर कारखाना, दूध संघ आणि महाविद्यालये आहेत. सकाळी मिसळ आणि चहा, दुपारी थाळी, रात्री मटण अशी गिऱ्हाइकाची रीत असते. शिवाय कोल्हापूर भागात बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे सर्वसाधारणपणे मटणाचे वार. सोमवार, गुरुवार, शनिवार बहुतेक घरे पाळतात, आणि श्रावणात तर महिनाभर हंडा उतरवलेला असतो. म्हणजे स्वयंपाकघर तेच, माणसे तीच, भाडे तेच. बदलते ते फक्त कोणता पदार्थ किती खपतो याचे प्रमाण. या प्रमाणालाच विक्री-मिश्रण म्हणतात.

उदाहरणासाठी कोडोली-वारणानगर रस्त्यावरचे एक कल्पित हॉटेल घेऊ. तिथे चार गोष्टी मिळतात. मटण थाळी ३०० रुपयांना. तिच्यात १५० ग्रॅम कच्चे मटण ८०० रुपये किलोने १२० रुपयांचे, तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचे खोबरे, खसखस, तेल आणि मसाला ३५ रुपयांचा, भाकरी आणि भात २०, गॅस आणि किरकोळ १०. त्यावर कर १५ रुपये. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत बसलेले हॉटेल उलाढालीच्या ५ टक्के कर भरते आणि तो गिऱ्हाइकाकडून वेगळा घेऊ शकत नाही. त्यामुळे तो विक्रीबरोबर वाढणारा, म्हणजे बदलताच खर्च ठरतो. हिशेबातून तो बऱ्याचदा निसटतो. एकूण बदलता खर्च २०० रुपये, अंशदान १००.

याच रीतीने मोजले तर १२० रुपयांच्या अख्खा मसूर थाळीचा बदलता खर्च ५४ आणि अंशदान ६६. ८० रुपयांच्या मिसळीला मटकी, कट, फरसाण, ब्रेड, गॅस आणि कर धरून ३२ रुपये लागतात, अंशदान ४८. दहा रुपयांच्या चहात ४ रुपये उरतात.

इथेच पहिला पेच आहे. विक्रीच्या प्रत्येक शंभर रुपयांत मिसळ ६० रुपये ठेवते, मसूर थाळी ५५, आणि मटण थाळी जेमतेम ३३. टक्क्यांनी पाहिले तर मटण सर्वांत कमी फायद्याचे. पण एका गिऱ्हाइकामागे रोख किती उरते हे पाहिले तर मटण सर्वांत वर. दोन्ही म्हणणी खरी आहेत. कोणते कधी लागू होते, हे कळले की निम्मे गणित सुटते.

हॉटेलचा महिन्याचा स्थिर खर्च असा धरू : भाडे २२,०००, आचारी, वाढपी, भांडीवाली आणि मालकाची स्वतःची मजुरी मिळून ७८,०००, वीज, पाणी, परवाने ८,०००, कर्जाचे व्याज आणि भांडी-फ्रिजची झीज १२,०००. बेरीज १,२०,०००. महिन्यात २६ दिवस हॉटेल उघडे राहते, म्हणजे रोजचे ४,६१५ रुपये अंशदानातून यायला हवेत.

आता मिश्रण. दोन-तीन आठवड्यांच्या बिलबुकातून पदार्थवार आकडे काढायचे. समजा, खाण्याच्या दर दहा प्लेटांत ५ मिसळ, ३ मसूर थाळी, २ मटण थाळी निघतात आणि त्यांच्यासोबत ५ चहा जातात. हा सगळा मिळून एक गट मानायचा. गटाची विक्री १,४१० रुपये आणि अंशदान ६५८ रुपये, म्हणजे ४७ टक्क्यांच्या आत-बाहेर. स्थिर खर्चाला ६५८ने भागले की महिन्याला सुमारे १८२ गट येतात. रोजचे सात गट. त्यांतून ३५ मिसळ, २१ मसूर थाळी, १४ मटण थाळी आणि ३५ चहा निघतात. या सत्तर प्लेटांचे आणि चहाचे अंशदान ४,६०६ रुपये होते, लक्ष्यापेक्षा फक्त ९ रुपये कमी. एकाहत्तरावी प्लेट नफ्यात जाते. महिन्याच्या विक्रीत हा बिंदू सुमारे २,५७,००० रुपयांवर येतो.

या जागी नेहमी होणारी चूक म्हणजे साधी सरासरी. चार पदार्थांची अंशदाने १००, ६६, ४८ आणि ४. बेरीज २१८, सरासरी साडेचोपन्न. तिने भागले तर रोज ८५ नग विकले की भागते असे उत्तर येते. खरे उत्तर चहासह १०५ नगांचे आहे. साध्या सरासरीत एका मटण थाळीला आणि एका चहाला सारखेच वजन मिळते, पण चहा थाळीच्या अडीचपट खपतो. ८५ नगांवर समाधान मानणारे हॉटेल रोज सुमारे ८८५ रुपये, म्हणजे महिन्याला २३,००० रुपये गमावत राहील, आणि गल्ल्यासमोर गर्दी दिसत असल्याने कारण सापडणार नाही. म्हणूनच चहा वेगळा न मोजता गटात, प्लेटांच्या सोबतीने धरणे बरे.

श्रावण लागला की मिश्रण हलते. समजा, दर दहा प्लेटांत आता ६ मिसळ आणि ४ मसूर थाळी, चहा तेवढाच. गटाची विक्री १,०१० रुपयांवर येते, अंशदान ५७२ रुपये. टक्का ४७ वरून ५७ झाला. त्यामुळे ना-नफा-ना-तोटा विक्री २,५७,००० वरून २,१२,००० रुपयांपर्यंत खाली येते. कागदावर श्रावण सोपा महिना दिसतो. पण प्लेटा मोजल्या तर रोज सत्तरऐवजी एक्याऐंशी लागतात. रुपयांतला बिंदू उतरतो आणि माणसांतला चढतो, कारण एकेका माणसामागे उरणारी रक्कम कमी झाली आहे. गावातली गिऱ्हाइके मोजकी असतात तेव्हा दुसरा आकडाच महत्त्वाचा. आणि श्रावणात होते ते असे की मटणाची गिऱ्हाइके मसुराकडे वळतातच असे नाही. बरीचशी घरीच जेवतात. चौदाच्या चौदा आली नाहीत आणि बाकी खप तोच राहिला, तर अंशदान ३,२०६ रुपयांवर थांबते. रोजची तूट १,४०९ रुपये.

टक्केवारी उपयोगी पडते ती वेगळ्या जागी. कच्चा माल आणायला रोख कमी असेल तर एका शंभराच्या मालावर किती सुटते, हे पाहावे लागते आणि तिथे मिसळ पुढे जाते. जागा कमी पडत असेल तेव्हा आणखी तिसरेच माप लागते. मिसळ खाणारा पंधरा मिनिटांत उठतो असे धरले, तर एका खुर्चीमागे तासाला १९२ रुपये सुटतात. मटण थाळीला पाऊण तास धरला तर १३३. पण हे माप बाहेर माणसे थांबलेली असतील तेव्हाच खरे. खुर्च्या रिकाम्या असताना मटणाचा माणूस मिसळीच्या दोन माणसांएवढा मोलाचा असतो. शिवाय मिसळीची गर्दी सकाळची आणि मटणाची दुपार-रात्रीची, त्यामुळे बहुतेक दिवस दोघे एकाच खुर्चीसाठी भांडत नाहीत.

मिश्रणाची दुसरी परीक्षा मटणाच्या दराने होते. २०१९च्या अखेरीस कोल्हापुरात मटणाच्या वाढत्या दरावरून नागरिक आणि विक्रेते यांच्यात मोठे आंदोलन पेटले होते. हॉटेलांच्या ताटातही तो दर उतरतोच. आपल्या उदाहरणात मटण ८०० वरून ९०० रुपये किलो झाले, तर थाळीमागे १५ रुपये वाढतात आणि रोजचे अंशदान ४,६०६ वरून ४,३९६ रुपयांवर येते. थाळी ३२० रुपये केली, तर करातला एक रुपया जाऊन तिचे अंशदान १०४ होते. आता समजा दर ऐकून चौदांतले चौघे मटण सोडतात. ते चौघे मसूर थाळी खाऊन गेले, तर अंशदान ४,५१० रुपये, म्हणजे दरवाढ फायद्याची ठरली. ते चौघे हॉटेलातच आले नाहीत, तर ४,२४६ रुपये, दर न वाढवता राहिले असते त्याहूनही कमी. म्हणून दर बदलल्यानंतर मटण थाळ्या किती घटल्या हे एकट्याने काही सांगत नाही. शेजारच्या रकान्यात मसूर थाळ्या तेवढ्याच वाढल्या का, हे पाहावे लागते.

या सगळ्याला एक मर्यादा आहे. हिशेबात बदलता खर्च प्लेटगणिक धरला, पण रस्सा हंड्याने शिजतो. रात्री चार थाळ्यांचे मटण उरले, तर विक्री शून्य आणि खर्च जवळजवळ पूर्ण. रस्सा कितीही वेळा वाढला जातो, त्यामुळे ३५ रुपयांचा आकडाही वाढप्याच्या हातावर हलतो. हे तपासायची सोपी रीत म्हणजे आठवड्याची मटण खरेदी किलोत घेऊन विकलेल्या थाळ्यांनी भागणे. उत्तर १५० ग्रॅमच्या वर गेले, १७० आले, तर अंशदान शंभर नसून चौऱ्याऐंशी आहे, आणि वरचा प्रत्येक आकडा पुन्हा काढायला हवा.

श्रावणाची तूट वर्षाच्या लक्ष्यातही धरावी लागते. रोजचे १,४०९ रुपये २६ दिवसांत ३६,६०० होतात. ही रक्कम उरलेल्या अकरा महिन्यांवर पसरली तर रोज १२८ रुपये जास्त लागतात, नेहमीच्या मिश्रणात जवळपास दोन प्लेटांचे. म्हणजे या हॉटेलचे रोजचे खरे लक्ष्य सत्तर नसून बहात्तर प्लेटांचे आहे, आणि नवरात्रात किंवा मार्गशीर्षात मटण उतरत असेल तर त्याहूनही थोडे वरचे.